भाऊ फौजेत, दिवाळी कोल्हापुरात: शुभेच्छापत्र काय लिहावं आणि कधी टाकावं?

राजारामपुरीची_ताई
नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ फौजेत आहे. मे महिन्यापासून त्याला राष्ट्रीय रायफल्समध्ये पाठवलंय. सुट्टी चुलतभावाच्या लग्नात संपली, त्यामुळे दिवाळीला येत नाही. फोन लागला तर लागतो, आणि लागला तरी "हॅलो, ऐकू येतंय का" यातच संपतो. म्हणून घरी ठरलं, यंदा हातानं लिहिलेलं ग्रीटिंग पाठवायचं.

आईनं पानभर लिहिलं. वाचताना माझ्याच डोळ्याला पदर लागला. बाबांनी लिहिलं, "दिवाळीच्या शुभेच्छा. तब्येत सांभाळ." संपलं. आता यातलं काय पाठवू? दुसरं म्हणजे, परवा घटस्थापना. आत्ता टाकलं तर दिवाळीआधी पोचेल, की दसरा झाल्यावर टाकलं तरी चालेल?

चिवडा_नाद_खुळा
ताई, ग्रीटिंगचं सोडा, फराळ जाणार का नाही ते आधी सांगा. पोराला कागद पाठवताय व्हय?

बावड्याचा_बंड्या
फौजेच्या पत्राला तिकीट लागत नाही, सगळं फुकट असतं. आणि युनिटच्या खाली गावाचं नाव, जिल्हा घाला म्हणजे लवकर जातं. आमच्या शेजारच्यांनी असंच पाठवलेलं, पोचलं.

डाकवाला_गडहिंग्लज
बंड्या, पोचलं असेल, पण गावाच्या नावामुळं नाही. मी आर्मी पोस्टल सर्व्हिसमधून निवृत्त झालोय. आमच्यातली बहुतेक माणसं मुळात पोस्ट खात्यातलीच, वर्दी घालून आलेली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फुकट असतं ते जवानाकडून घरी येणारं पत्र, तेही त्याला मिळणाऱ्या फोर्सेस लेटरवर लिहिलेलं. घरून जाणाऱ्या पाकिटाला नेहमीचंच तिकीट लावायचं. साध्या पाकिटाला वीस ग्रॅमपर्यंत पाच रुपये. ग्रीटिंगचं कार्ड जाड, त्यात पत्र, त्यात फोटो, म्हणजे वीस ग्रॅम कधी ओलांडले ते कळतही नाही. कमी तिकीट लागलं की पाकीट बेरंग होतं आणि दंडाचे पैसे घेणाऱ्याकडून मागतात. तेव्हा काउंटरवर वजन करूनच टाका.

आता पत्ता. पहिल्या ओळीत आर्मी नंबर, मग रँक आणि नाव, मग कंपनी, मग युनिट, मग केअर ऑफ ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस, आणि शेवटी पिन. तो पिन नऊनं सुरू होतो. संपलं. गाव, जिल्हा, राज्य, डोंगर काही लिहायचं नाही. कुठलं युनिट कुठं आहे हे पाकिटावर दिसू नये म्हणून तर ही सगळी पद्धत. ५६ ची डाक दिल्लीच्या बेस पोस्ट ऑफिसात जाते, ९९ ची कोलकात्याच्या. युनिट आज कुठं आहे ते तिथल्या माणसाला ठाऊक असतं आणि त्याप्रमाणं तो थैली भरतो. युनिट हललं तरी सहसा घरच्यांनी पत्ता बदलायची गरज नाही, थैलीच दुसरीकडं जाते. तुम्ही खाली गावाचं नाव घातलंत तर गुप्तता गेली आणि वेगही वाढला नाही.

पत्ता इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहा, कारण दिल्लीत छाटणाऱ्याला मराठी येईलच असं नाही. आतलं पत्र मराठीत, मोडीत, कशातही लिहा.

बावड्याचा_बंड्या
आयला, मोडीत. मान्य काका. पण तिकिटाचं मी ऐकलं होतं ते अर्धं तरी खरं निघालं की!

राजारामपुरीची_ताई
काका, एक शंका. आमच्याकडं जो पत्ता आहे तो त्याच्या मूळ बटालियनचा. राखी त्याच पत्त्यावर गेली आणि राखीपौर्णिमा होऊन गेल्यावर कधीतरी पोचली. पोस्टात विचारलं तर म्हणाले, आमच्याकडून वेळेवर गेली.

डाकवाला_गडहिंग्लज
पोस्टवाल्यांचं बरोबर आहे आणि तुमची राखी उशिरा जाणंही साहजिक आहे. राष्ट्रीय रायफल्समध्ये पोरं आपापल्या रेजिमेंटमधून साधारण दोन-अडीच वर्षांसाठी जातात. तेवढ्या काळात त्याचा पत्ता म्हणजे आरआर बटालियनचा पत्ता, पिनही वेगळा. तुमचं पाकीट आधी मूळ पलटणीत गेलं असणार. तिथल्या कारकुनानं नाव बघितलं, नवीन पत्ता लिहिला, परत थैलीत टाकलं. एपीओमुळं युनिट हललेलं चालतं, माणूस हललेला चालत नाही.

त्याला एकच मेसेज करा, "आत्ताचा पोस्टल पत्ता पिनसकट लिहून पाठव." कंपनीचं नाव जरूर मागा. बटालियनपर्यंत डाक येते, पण तिथून पुढं चौकीवर, म्हणजे पोरं असतात त्या पोस्टवर, ती रेशनच्या गाडीबरोबर किंवा कोणी वर जाणारा असेल त्याच्याबरोबर जाते. कंपनी लिहिलेली नसेल तर पाकीट हेडक्वार्टरात पडून राहतं.

वेळेचं म्हणाल तर हेड पोस्टातून दिल्लीपर्यंत फार दिवस जात नाहीत. खरा वेळ पुढं जातो, आणि तो हवेवर अवलंबून. मी घरच्यांना नेहमी सांगायचो, दसरा चौकात सोनं लुटायच्या आत दिवाळीचं पत्र पोस्टात पडलं पाहिजे. स्पीड पोस्टनं पाठवा. रजिस्टर आता वेगळं राहिलेलं नाही, २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टातच मिसळलं. ट्रॅकिंग दिल्लीपर्यंत दिसेल, पुढं बहुतेक वेळा गप्प होतं. त्याचा अर्थ पाकीट हरवलं असा नाही. उगाच रोज बघून रक्तदाब वाढवू नका.

नागाळा_पार्क_काकू
आमचा मुलगा न्यू जर्सीला असतो. आम्ही दरवर्षी फराळ कुरिअरनं पाठवतो, आठवड्यात पोचतो. तुम्ही कुरिअरच का करत नाही? पोस्टाच्या भानगडीत कशाला पडायचं?

चिवडा_नाद_खुळा
काकू, न्यू जर्सीला बंकर नसतो.

डाकवाला_गडहिंग्लज
काकू, कुरिअरवाल्याला दारावर जायला दार लागतं. एपीओच्या पत्त्याला गावच नाही, मग तो कुठं जाणार? खासगी कुरिअर हे पार्सल घेत नाहीत. घेतलंच तर आठ-दहा दिवसांनी तुमच्याच दारात परत.

जहाजवाल्याची_बायको
माझा नवरा मर्चंट नेव्हीत आहे. आम्हाला तर पत्ताच नसतो! पुढच्या बंदरातल्या एजंटचा पत्ता मिळतो आणि जहाज तिथं पोचेलच याची खात्री नाही. एका वर्षीचं ग्रीटिंग त्याच्याआधी घरी परत आलं. तेव्हापासून मी कागदाचा नाद सोडला. जहाजावर चढतानाच बॅगेत बंद पाकीट ठेवते, वर लिहिते, "नरक चतुर्दशीला पहाटे उघडणे". तो मात्र दुसऱ्याच दिवशी उघडतो, ते वेगळं.

टाकळीचा_फौजी
पत्ता काकांनी सांगितला, आता आत काय लिहायचं ते सांगतो. मी सैनिक टाकळीचा. आमच्या गावात दर घरटी एक-दोन तरी फौजेत, त्यामुळं पत्र लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या दोन्ही बाजू बघितल्यात.

पहिली गोष्ट, पत्र एकटा वाचत नाही. डाक आली की पोस्टवरचे पाच-सहा जण भोवती असतात. "काय रे, काय लिहिलंय?" म्हणून विचारतात आणि निम्मं तरी मोठ्यानं वाचावं लागतं. आमच्यात एक पंजाबी होता, त्याला मराठी कळत नव्हतं, पण आमच्या मावशीचं पत्र आलं की तो आधी येऊन बसायचा. कारण त्यात म्हशीची, भावकीच्या भांडणाची हकीकत असायची आणि आम्ही त्याला हिंदीत करून सांगायचो. म्हणून पत्राचे दोन कागद करा. एक सगळ्यांत वाचण्यासारखा, दुसरा घडी घालून फक्त त्याच्यासाठी. आईचं जे पानभर आहे ते त्या दुसऱ्या कागदावर जाऊ द्या.

दुसरी गोष्ट, "तुझ्याशिवाय दिवाळी दिवाळीच वाटत नाही", "यंदा काही करणारच नाही" असलं लिहू नका. घरचे उपाशी बसलेत असं वाटलं की त्याच्याही घशाखाली घास उतरत नाही. दिवाळीची तयारी कुठवर आली, कोण काय म्हणालं, ते लिहा. कुणाच्या किल्ल्याचा बुरूज ढासळला, चकली का बिघडली, समोरच्या वहिनींनी यंदा कुठला रंग दिला. हे वाचून त्याला घरी फिरून आल्यासारखं वाटतं.

तिसरी, वर तारीख आणि पत्राचा नंबर घाला. पत्रं मागंपुढं पोचतात. चार नंबरचं आधी आलं आणि त्यात "आता बरी आहे" असं असलं, की तो तीन नंबरची वाट बघत विचार करत बसतो की झालं काय होतं.

राजारामपुरीची_ताई
टाकळीकर, हे दोन कागदांचं फार पटलं. पण आईला सांधेदुखीचा त्रास वाढलाय, गुडघ्याचं ऑपरेशन जानेवारीत ठरतंय. ते लिहावं का?

टाकळीचा_फौजी
नाही. जे संपलंय ते लिहा, जे चालू आहे ते लिहू नका. त्याला कळून तो करणार काय? रात्री ड्यूटीवर उभा राहून गुडघ्याचा विचार.

शाहूपुरीची_सून
मला हे अजिबात पटत नाही. माझे मिस्टर सीमा सुरक्षा दलात आहेत. सासऱ्यांचं ऑपरेशन घरच्यांनी लपवलं, "उगाच काळजी नको" म्हणून. सुट्टीवर आले तेव्हा दारातच सासरे काठी घेऊन उभे. त्या दिवशी त्यांना जे वाटलं ते मी बघितलंय. नंतर वर्षभर घरून "सगळं ठीक आहे" आलं की ते मला वेगळा फोन करून विचारायचे, "खरं सांग." एकदा लपवलं की चांगल्या बातमीवरचाही विश्वास उडतो.

टाकळीचा_फौजी
वहिनी, ऑपरेशन लपवा असं मी म्हणत नाही. दिवाळीच्या पत्रात नको म्हणतोय. फोन लागला की सांगा, म्हणजे तो लगेच दोन प्रश्न तरी विचारू शकतो. कागदाला प्रश्न विचारता येत नाही.

शाहूपुरीची_सून
आणि फोन लागलाच नाही तर? ती तर वर म्हणतेय की लागत नाही.

पन्हाळ्याचं_धुकं
मधला मार्ग आहे. लिहायचंच तर डॉक्टर काय म्हणाले, कधी ठरतंय, कोण सोबत असणार एवढं सरळ दोन ओळींत. "आईचं काही खरं नाही बघ" असलं नको. तरीपण हे ज्याच्या त्याच्या घरावर आहे. आमच्याकडं दादाला सगळं लागतं, धाकट्याला काही सांगू नये.

चिवडा_नाद_खुळा
पुन्हा फराळ राहिला. मी इथं कशासाठी बसलोय?

मंगळवार_पेठ_मावशी
मी सांगते रे बाबा. भाचा फौजेत होता तेव्हा बरीच वर्षं पाठवलंय. ओल्या नारळाची करंजी अजिबात नको, रस्त्यातच आंबते. सुक्या खोबऱ्याचीही नको, पंधरा दिवसांत खवट लागते, आणि एक खवट करंजी सगळ्या डब्याला वास लावते. शंकरपाळी, खारी आणि गोडी दोन्ही, उत्तम. बेसन लाडू चालतो, पण बेसन चांगलं खमंग भाजलेलं पाहिजे आणि दुधाचा हबका मारायचा नाही. पाण्याचा अंश राहिला की बुरा आलाच. रव्याचा लाडू पाकातला असेल तर दगड होतो, दात सांभाळून खा म्हणून चिठ्ठी घाला. अनारसे टिकतात, पण नेताना चुरा होतो.

पत्र्याचा डबा, आत प्लास्टिकची पिशवी, डब्याला बाहेरून कापड शिवून. फटाके, काडेपेटी, तेलाची बाटली घालायची नाही, पोस्ट घेत नाही. अभ्यंगाचं तेल पाठवायचा मोह होतो, मला दरवर्षी व्हायचा. उटण्याची कोरडी पुडी घाला, तेल त्याला तिथं मिळतं.

डाकवाला_गडहिंग्लज
मावशींना एक जोड. चिवड्याची पिशवी सील करताना आतली हवा जमेल तेवढी काढा. पार्सल उंचावर गेलं की बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो आणि पिशवी फुगते. गच्च हवा भरलेली असेल तर शिवण उसवून फुटते. मग चिवडा डब्यात, लाडवाला चिकटून, उटण्यात घोळून. मी असा डबा उघडताना बघितलाय. खाल्ला सगळ्यांनी, वास मात्र मोती साबणाचा.

आणि पत्र डब्यात घालू नका, ते वेगळं पाठवा. पार्सल मागं राहतं, पाकीट पुढं जातं.

चिवडा_नाद_खुळा
चिवड्याला वाऱ्यावर सोडलं नाही याबद्दल डाकवाल्या काकांना दंडवत.

बावड्याचा_बंड्या
ते गाणं वाजवणारं ग्रीटिंग पाठवा की, उघडलं की ट्यूं ट्यूं. भारी वाटतं.

टाकळीचा_फौजी
भावा, त्यात बॅटरीचा सेल असतो. फौजेच्या डाकेत वायर आणि सेलवालं जाड पाकीट सापडलं तर आधी कोण उघडून बघेल सांग? ट्यूं ट्यूं कुणी ऐकायच्या आधी कुत्रं हुंगून जाईल.

अजून एक. पाकिटाचा फोटो काढून स्टेटसला टाकू नका. नंबर, नाव, युनिट, पिन सगळं एका फोटोत असतं. बहिणी हमखास करतात हे, "माझ्या फौजी दादाला पहिलं पत्र" म्हणून.

राजारामपुरीची_ताई
😬 बरं झालं सांगितलंत.

मंडळी, अजून एक राहिलं. भाऊबीज. तो नसताना ओवाळायचं कसं?

मंगळवार_पेठ_मावशी
चंद्राला ओवाळायचं. आपल्याकडं भाऊ लांब असला की हीच रीत. पण द्वितीयेची कोर बारीक असते आणि सूर्य बुडाल्यावर फार वेळ राहत नाही. दिवेलागणीलाच ताट तयार ठेवा, पश्चिमेला बघा. आवरून सावरून आठ वाजता गच्चीवर गेलात तर चंद्र मावळलेला असतो. रंकाळ्यावर आभाळ मोकळं मिळतं, तिथं बऱ्याच जणी येतात.

आणि पत्रात कुंकू-अक्षता घालायच्या तर छोट्या झिप पिशवीत. नुसत्या घातल्या तर कुंकू सगळ्या अक्षरांवर पसरतं आणि तांदळाचे दाणे पाकिटावर शिक्का मारताना चुरडतात.

पन्हाळ्याचं_धुकं
आमच्या दादाला त्याच्या पोस्टवरच्या बिहारी मित्रानं टिळा लावला होता. वर ओवाळणी म्हणून दादाकडून रमची अर्धी बाटली मागितली. बहिणीपेक्षा महाग पडला.

राजारामपुरीची_ताई
दोन दिवसांनी आले. त्याचा पत्ता मिळाला, पिन खरोखरच वेगळा आहे. सगळं वाचून पहिला कागद असा केलाय. सांगा कसा वाटतो:

"पत्र क्र. १, घटस्थापना.
चि. विकास यास अनेक उत्तम आशीर्वाद (हे आईकडून). दिवाळीच्या खूप शुभेच्छा (हे माझ्याकडून). तब्येत सांभाळ (हे बाबांकडून, दुसरं काही लिहीत नाहीत, मी खूप सांगितलं).
पिंट्यानं यंदा प्रतापगड करायचा म्हणून आत्तापासून अंगणात माती आणून टाकलीय. पावसानं तिचा चिखल झाला आणि बाबा त्यात घसरले. लागलं नाही, पण पिंट्याला 'अफजलखान' म्हणून हाक मारली, ती गल्लीत सगळ्यांनी ऐकली. आता गल्ली बाबांनाच शिवाजी महाराज म्हणते. तुझी सायकल मी वापरते, ब्रेक बदलला, पैसे तू द्यायचे. आई चकलीची भाजणी दळून आणताना गिरणीवाल्याला म्हणाली, 'यंदा जास्त दळ, पोराबरोबर अजून चौघं खाणारे आहेत.' तुझ्याबरोबरच्या चौघांची नावं कळव, म्हणजे डब्यावर लिहिता येतील.
तुझी आठवण आल्याशिवाय एक क्षणही जात नाही आणि तुझ्याविना हे घर सुनं सुनं आहे."

टाकळीचा_फौजी
लई भारी. शेवटची ओळ काढा. वरचं सगळं तुमचं आहे, ती ओळ ग्रीटिंगच्या दुकानातली आहे. आणि चौघांची नावं मागितलीत ते झकास, त्यानं त्याला उत्तर लिहावंच लागेल.

शाहूपुरीची_सून
राहू द्या हो ती ओळ. बहीण आहे ती, एवढं तरी म्हणू दे. सगळंच हसून काय लिहायचं?

जहाजवाल्याची_बायको
दुसऱ्या कागदावर टाक. तिथं कुणी ऐकत नाही.

नागाळा_पार्क_काकू
पत्र छान आहे. मुलाला वाचून दाखवलं फोनवर. तो म्हणाला, "मला कधी असं लिहिलं नाहीस, नुसते डबे पाठवतेस." आता काय बोलायचं!

डाकवाला_गडहिंग्लज
ताई, बॉलपेननं लिहिलंय ना? जेल पेनची शाई ओल लागली की पसरते. आणि "पावसानं चिखल" वगैरे ठीक आहे, पण तो त्याच्या पत्रात तिकडची हवा, रस्ता, कुणाची बदली काही लिहिणार नाही. तुम्हीही विचारू नका. पाकिटाच्या मागं तुमचा पत्ता पूर्ण घाला, पिनसकट.

राजारामपुरीची_ताई
बॉलपेनच. शेवटची ओळ दुसऱ्या कागदावर हलवली, शाहूपुरीच्या वहिनींचं आणि टाकळीकरांचं दोघांचंही राहिलं. गुडघ्याचं अजून ठरत नाहीये, आई म्हणते लिहू नको, बाबा म्हणतात लिही. पाकीट आज रमणमळ्याच्या हेड पोस्टात दिलं, वजन सव्वीस ग्रॅम भरलं. डबा पुढच्या आठवड्यात.

चिवडा_नाद_खुळा
डब्यात चिवडा किती, ते वजन पण टाका.